ऑफ-ग्रिड पॅनेलचा कोन वर्षातून दोनदा बदलला, तर पदरात नेमकं काय पडतं?

प्रश्न: जुन्नरकडे शेतघर आहे, लाइट नाही. ३३५ वॉटची तीन पॅनेल, ४० अँपिअरचा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर, २४ व्होल्टची बॅटरी (१५० एएचच्या दोन ट्युब्युलर). पॅनेल आता जुजबी लोखंडी घोडीवर १९ अंशांत आहेत, पक्कं स्ट्रक्चर बांधायचं आहे. उन्हाळ्यात-हिवाळ्यात हाताने कोन बदलता येईल असं बनवावं का? खरंच किती फरक पडतो? कोणी ४ टक्के म्हणतं, कोणी २५.

उत्तर: तुमच्या अक्षांशावर दोनदा कोन बदलून वर्षभराची बेरीज साधारण साडेतीन टक्क्यांनी वाढते. २५ टक्के हा आकडा बहुतेक वेळा सपाट ठेवलेलं पॅनेल आणि ३० अंशांचं पॅनेल यांची डिसेंबरमधली तुलना असते. तो खोटा नाही, पण तुमचं पॅनेल आज सपाट नाही, १९ अंशांवर आहे. तुलना त्याच्याशीच करायला हवी.

ऑफ-ग्रिडमध्ये वर्षाची बेरीज तशी फारशी कामाचीही नाही. ग्रिडला जोडलेल्या घरात जास्तीचं प्रत्येक युनिट मीटरमध्ये जमा होतं. तुमच्याकडे बॅटरी भरली की कंट्रोलर पॅनेलकडून वीज घेणंच कमी करतो, आणि वाढलेलं उत्पादन तिथेच संपतं. म्हणून विचारायचं ते एवढंच: ज्या महिन्यांत बॅटरी भरत नाही, त्या महिन्यांत कोन बदलून काय मिळतं?

महिन्यांचा हिशेब करू. खालचे आकडे १९ अंश अक्षांश, दक्षिणेकडे तोंड आणि आपल्या भागातलं सरासरी ऊन धरून काढले आहेत. डिसेंबरच्या उन्हात ३० टक्के उजेड विखुरलेला, जुलैत ७० टक्के विखुरलेला, असं धरलं आहे. पॅनेल तापणं, वायर, कंट्रोलर, बॅटरी, इन्व्हर्टर यांतली गळती वजा करून पॅनेलच्या क्षमतेपैकी ६५ टक्के वीज हातात येते, असं समजा.

डिसेंबरमध्ये १९ अंशांवरची तुमची तीन पॅनेल दिवसाला साधारण ३.६ युनिट देतात. तीच ३० अंशांवर केली की ७ टक्के वाढ, म्हणजे पाव युनिट. ३० वॉटचा बीएलडीसी पंखा त्यावर आठ तास चालतो. जानेवारीतही जवळपास तेवढंच मिळतं, नोव्हेंबरमध्ये साडेपाच टक्के, फेब्रुवारीत साडेतीन. ऑक्टोबरमध्ये मात्र जेमतेम दीड टक्का.

आता पावसाळा. जुलैत १९ अंशांवर सरासरी अडीच युनिट मिळतात. पॅनेल ८ अंशांपर्यंत खाली आणली की ४ टक्के वाढ, म्हणजे ०.१ युनिट, तीन तासांचा पंखा. मे-जूनमध्ये हीच वाढ साडेपाच टक्क्यांच्या आसपास असते, ऑगस्टमध्ये तीनच्या आत.

पावसाळ्यात पॅनेल आडवं का बरं, याची कारणं दोन. ढगाळ दिवशी उजेड सगळ्या आभाळातून येतो, आणि जितकं आडवं पॅनेल तितकं जास्त आभाळ त्याला दिसतं. दुसरं कारण शून्य सावलीचं. तुमच्याकडे मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात तो दुपारीही उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर आणखीच उत्तरेला. दक्षिणेकडे झुकलेलं पॅनेल त्या काळात सूर्याकडे पाठ फिरवून उभं असतं.

इंटरनेटवरचे बरेच तक्ते युरोप-अमेरिकेतल्या अक्षांशांचे असतात. तिथे अडचणीचा महिना डिसेंबर, म्हणून सगळा भर पॅनेल उभं करण्यावर. आपल्याकडे डिसेंबरचं आभाळ स्वच्छ असतं. खरी टंचाई जुलै-ऑगस्टमध्ये येते, आणि नेमकी तेव्हाच कोन बदलण्याची कमाई तुटपुंजी असते. या हिशेबातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. ज्याची बॅटरी जुलैत रात्री दहाला बसते, त्याचं दुखणं ०.१ युनिटने बरं होत नाही.

म्हणून आधी तुमचा अडचणीचा महिना कोणता ते कंट्रोलरकडून काढून घ्या. स्क्रीनवर बल्क, अॅबसॉर्प्शन, फ्लोट अशा अवस्था दिसतात. दुपारी एकच्या आत फ्लोट, म्हणजे बॅटरी भरल्याची अवस्था, लागत असेल, तर त्या महिन्यात कोन बदलून मिळणारी वीज वाया जाणार. मार्च ते मे बहुतेक शेतघरांत हेच होतं. अशा वेळी छोटा पंप किंवा मिक्सर दुपारी चालवणं कोन बदलण्यापेक्षा जास्त फायद्याचं. संध्याकाळी चारपर्यंत बल्कच, म्हणजे बॅटरी अजून भरतेच आहे असं, दिसत असेल, तर त्या महिन्यात प्रत्येक टक्का उपयोगी आहे.

टंचाई फक्त पावसाळ्यात असेल, तर पैसे चौथ्या पॅनेलवर घाला. त्याने जुलैत ४ टक्के नाही, ३३ टक्के वाढ होते. चार पॅनेलचे १,३४० वॉट होतात आणि ४० अँपिअरचा कंट्रोलर २४ व्होल्टच्या बॅटरीला साधारण १,०५० ते १,१०० वॉटच देऊ शकतो. तरीही पावसाळ्यात ते चालतं, कारण तेव्हा पॅनेल पूर्ण क्षमतेला क्वचितच पोचतात. उन्हाळ्यात वरचं कापलं जातं, पण तेव्हा बॅटरी भरलेलीच असते. मात्र कंट्रोलरच्या माहितीपत्रकात पॅनेलकडून येणाऱ्या करंटची आणि व्होल्टेजची कमाल मर्यादा बघूनच चौथं जोडा. तीन किंवा जास्त पॅनेल समांतर जोडली असतील, तर प्रत्येकाला १५ अँपिअरचा डीसी फ्यूज हवाच.

तुमचं स्ट्रक्चर अजून बांधायचं आहे, म्हणून माझं मत कोन बदलता येईल असं बांधण्याकडे झुकतं. वेल्डरकडे जास्तीचं काम बिजागरीचे दोन जोड आणि दोन जादा पाय एवढंच आहे. हेच स्ट्रक्चर आधीच पक्कं झालेलं असतं, तर तोडून नवं करा असं मी सांगितलं नसतं.

कोन दोनच ठेवा, ८ आणि ३०. हिशेबाने उन्हाळ्याचा कोन ५ अंश निघतो, पण ८ केल्याने जुलैत पाऊण टक्काच जातो आणि पाणी-माती वाहून जायला उतार मिळतो. पाच अंशांवर पॅनेलच्या खालच्या कडेशी, अॅल्युमिनियमच्या चौकटीला धरून पाणी साचतं, ते वाळलं की चिखलाची बोटभर पट्टी उरते. ही पट्टी दिसते किरकोळ, पण पॅनेल उभं, म्हणजे लांब बाजू उताराच्या दिशेने, बसवलेलं असेल तर सेलची सगळ्यांत खालची ओळ झाकते. त्या ओळीतले सेल पॅनेलच्या तिन्ही भागांत वाटलेले असतात, त्यामुळे तिन्ही भागांचा करंट पडतो. चार टक्के कमवायला जाऊन दहा टक्के घालवायची ही सोपी वाट आहे. पावसाळ्यात उघडीप मिळाली की खालची कड ओल्या फडक्याने पुसून काढा.

हिवाळ्यात ३५ अंश केले तर डिसेंबरमध्ये आणखी दोन टक्के मिळतील, पण वाऱ्याचा जोर आणि पायाची लांबी वाढते. तीस पुरेत.

तारखांचं फार मनावर घेऊ नका. दोन कोनांचं उत्पादन मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणि सप्टेंबरच्या अखेरीस सारखं होतं. गुढीपाडव्याच्या सुमारास खाली आणि दसऱ्याच्या सुमारास वर, एवढं लक्षात ठेवलं तरी भागतं. दोन आठवडे उशीर झाला तर तेवढ्या दिवसांचे दोन-तीन टक्के जातात, बाकी काही नाही.

इथे बऱ्याच जणांची निराशा होते. योग्य तारखेला कोन बदलला आणि लगेच मीटर बघितला, तर फरक दिसतच नाही. सप्टेंबरअखेर दुपारचा सूर्य डोक्यावरून २१ अंश दक्षिणेला असतो. ८ अंशांचं पॅनेल त्याच्यापासून १३ अंश हुकलेलं, ३० अंशांचं ९ अंश, आणि एवढ्या फरकाने उत्पादनात एक टक्काच हलतो. कमाई पुढे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होते. पडताळून बघायचंच असेल, तर डिसेंबरच्या स्वच्छ दुपारी कंट्रोलरपासून सोडवलेल्या एकाच पॅनेलचा शॉर्ट सर्किट करंट १९ अंशांवर आणि लगेच ३० अंशांवर मोजा, पाच-सहा टक्के वाढ दिसायला हवी. (सुट्या पॅनेलला खाली लाकडी ठोकळे लावून हे करता येतं.) आजच्या आणि कालच्या युनिटांची तुलना करू नका. एखादा विरळ ढग किंवा पहाटेचं धुकं सात टक्क्यांपेक्षा मोठा फरक पाडतं.

आता स्ट्रक्चर. तीन पॅनेल उभी, शेजारी शेजारी, म्हणजे रुंदी तीन मीटरच्या थोडी वर आणि उताराची लांबी दोन मीटरच्या थोडी आत. त्यांच्याखाली दोन तिरप्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीला पुढे बिजागरी, मागे पाय. बिजागरी पॅनेलच्या खालच्या कडेपासून ४० सेंटिमीटरवर, आणि पाय बिजागरीपासून पट्टीवर १२० सेंटिमीटरवर जोडायचा. पॅनेलची चौकट टोकांना नाही तर साधारण चतुर्थांश अंतरावर पकडायची असते, म्हणून हे माप.

सगळ्यात नेहमीची चूक मागच्या पायाची. पॅनेल ८ वरून ३० अंशांवर गेलं की पायाचं वरचं टोक ४३ सेंटिमीटर वर जातं, आणि त्याचबरोबर १५ सेंटिमीटर पुढेही सरकतं. पाय खाली काँक्रीटमध्ये ताठ गाडला असेल, तर वर भोकं कितीही पाडा, पट्टी तिथपर्यंत पोचत नाही. मग गडी पहारीने ताण देऊन बोल्ट घालतात आणि पॅनेलची चौकट पिळली जाते. काच लगेच फुटत नाही, पण सेलमध्ये केसासारख्या चिरा पडतात आणि उत्पादन कायमचं घटतं. म्हणून पायाची दोन्ही टोकं फिरती हवीत, वर एक आणि खाली एक एम१२ बोल्ट.

बिजागरी पायाच्या खालच्या बोल्टपेक्षा ५० सेंटिमीटर उंच ठेवा, आणि खालचा बोल्ट बिजागरीपासून आडव्या रेषेत ११० सेंटिमीटर मागे. मग पायाची लांबी, दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत, अशी निघते:

```
L = √[ (50 + 120·sin β)² + (120·cos β − 110)² ]
β = 8°   →  L = 67.3 cm
β = 30°  →  L = 110.2 cm
```

एकात एक सरकणाऱ्या पाइपचा पाय दिसायला सुटसुटीत, पण भोकांत ढिलाई राहते, वाऱ्यात खडखडतो आणि तीन-चार वर्षांत आतून गंजून अडकतो. मी तरी सरळ दोन वेगळ्या लांबीचे पाय करायला सांगेन: ४० मिमीच्या चौकोनी पाइपचे दोन आखूड, दोन लांब, सगळे गॅल्व्हनाइज केलेले. जे वापरात नाहीत ते घरात. एक सेंटिमीटर चूक झाली तर कोन अर्धा अंश चुकतो, त्याचं उत्पादनात काहीच जाणवत नाही. कोन तपासायला वेगळं यंत्र नको. पॅनेलच्या कडेवर १०० सेंटिमीटर मोजा. तेवढ्यात चढ ५० सेंटिमीटर असेल तर ३० अंश, १४ असेल तर ८.

वाऱ्याला हलकं घेऊ नका. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला ९०० न्यूटनच्या थोडा वर होतो. तुमचं क्षेत्रफळ सहा चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे उत्तरेकडून पॅनेलच्या पोटात वारा शिरला तर साडेपाचशे किलोचा जोर उचलायला बघतो. चार पायांखाली ४५ × ४५ × ४५ सेंटिमीटरचे काँक्रीट ठोकळे घातले तर प्रत्येकी सव्वादोनशे किलोच्या आसपास, एकूण नऊशेच्या जवळ भरतात. याहून लहान ठोकळे मी धरणार नाही. इथे ८ अंशांचा एक जास्तीचा फायदा आहे. आपल्याकडचे जोराचे वारे एप्रिल-मेच्या वळिवाचे आणि जूनच्या सुरुवातीचे, आणि तेव्हा पॅनेल आधीच आडवी झालेली असतात. म्हणून दोन्हींपैकी एक बदल चुकवायचा झालाच तर दसऱ्याचा चुकवा, पाडव्याचा नको.

बदलायच्या दिवशी तीन माणसं लागतात. पॅनेल आणि लोखंड मिळून शंभर किलोच्या जवळपास वजन, पण बिजागरीमुळे वरच्या कडेला उचलायला ३५ ते ४० किलोच लागतं. दोघांनी कड धरायची, तिसऱ्याने पाय बदलायचा. वारा नसलेली सकाळ निवडा.

पहिल्यांदा पॅनेल आणि कंट्रोलरमधला डीसी ब्रेकर बंद करा. बॅटरी जोडलेलीच राहू द्या. पॅनेलच्या वायरींचे एमसी४ जोड उन्हात, करंट चालू असताना ओढून काढू नका. डीसीची ठिणगी एकदा धरली की सुटत नाही आणि जोड वितळतो. तशी वायर सोडायची गरजही पडत नाही, जर ती बिजागरीजवळून नेली असेल आणि तिथे हातभर सैल वळण ठेवलं असेल. वरच्या कडेजवळून थेट खाली बांधलेली वायर मात्र ३० अंशांवर जाताना ताणली जाते आणि पुढे पावसात जोडातून पाणी शिरतं. नंतर वरच्या कडेखाली दोन भक्कम लाकडी टेकू द्या आणि मगच पायाचे बोल्ट काढा. हातांच्या भरवशावर बोल्ट काढू नका. एक पाय निघाला आणि दुसरा बसलेला असेल, तर सगळी चौकट पिळते. म्हणून दोन्ही बाजू टेकूवर, मग दोन्ही पाय बदला, बोल्ट आधी हाताने घाला, शेवटी पाना लावा.

बोल्टांविषयी थोडं. बिजागरीला स्टेनलेसचा बोल्ट आणि नायलॉनवाला नट चालतो, कारण तो वर्षानुवर्षं उघडत नाही. मात्र बसवताना आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर स्टेनलेसवर स्टेनलेस जाम होतं आणि बोल्ट कापावा लागतो. पायाचे नट वर्षातून दोनदा उघडणार, आणि नायलॉनची पकड दरवेळी कमी होते. तिथे गॅल्व्हनाइज बोल्ट, स्प्रिंग वॉशर आणि वरून दुसरा नट लावा. आठवड्याने एकदा पाना फिरवून बघा.

अर्थिंग बिजागरीवर सोडू नका. रंगवलेल्या, ग्रीस लावलेल्या सांध्यातून वीज नीट वाहत नाही. पट्टीपासून खालच्या पायापर्यंत लवचिक तांब्याची वायर लगसकट बोल्टने जोडा.

शेवटची तपासणी सावलीची, आणि ती डिसेंबरमध्येच करायची. २१ डिसेंबरला सूर्यवेळेच्या नवाला सूर्य क्षितिजापासून फक्त २९ अंशांवर असतो, आणि झाडाची सावली उंचीच्या १.८ पट लांब पडते. आग्नेयेला १५ फुटांचं आंब्याचं झाड असेल, तर २७ फुटांपर्यंत ती पोचते. ऑक्टोबरमध्ये मोकळी वाटणारी जागा डिसेंबरमध्ये सकाळी तासभर झाकलेली असू शकते, आणि तो तास ७ टक्क्यांपेक्षा जास्त खातो. काँक्रीट ओतायच्या आधी जागेचा निर्णय या मापाने घ्या.